विसार

लग्नाच्या फोटोग्राफरला दिलेले पैसे परत मागणारे पत्र लिहायला आम्हा दोघांना चार दिवस लागले. दोघांचेही आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेलेले. व्यावहारिक मराठीच्या तासाला मागणीपत्र, तक्रारपत्र, स्मरणपत्र यांचे नमुने आम्ही फळ्यावर किती वेळा लिहून दाखवले असतील, याची गणती नाही. त्यांतला एकही नमुना या वेळी उपयोगी पडला नाही. नमुन्यातले पत्र कुणा 'महोदयां'ना जाते. आमचे पत्र आमच्याच विद्यार्थ्याला जायचे होते.

बी.ए.च्या वर्गात असताना तो स्नेहसंमेलनाचे फोटो काढी आणि भित्तिपत्रकासाठी ते फुकट देई. पुढे त्याने गावात स्टुडिओ टाकला. मुलीचे लग्न ठरल्यावर दुसऱ्या कुणाचे नाव आमच्या मनातही आले नाही. ८ सप्टेंबर २०२३ रोजी तो घरी येऊन चहा पिऊन गेला आणि जाताना कोटेशनचा एक छापील कागद ठेवून गेला. साखरपुडा १८ हजार, लग्नाआधीचे फोटो, म्हणजे हल्ली ज्याला सगळे प्री-वेडिंग म्हणतात ते, २० हजार, हळद १८ हजार, आणि लग्न व स्वागतसमारंभ मिळून, दोन अल्बमांसह, ६४ हजार. एकूण १ लाख २० हजार. त्यांपैकी ४० हजार आम्ही दुसऱ्याच दिवशी त्याच्या खात्यावर भरले. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही.' ती ओळ आम्ही वाचली नाही. विद्यार्थ्यांना तळटीपा वाचायला लावणाऱ्यांनी ती वाचली नाही, हे नोंदवून ठेवलेले बरे.

साखरपुडा २६ नोव्हेंबरला होता. तुळशीची लग्ने सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. चातुर्मासात अडून राहिलेली कार्ये त्या आठवड्यात एकदम सुटतात, हे आम्हाला ठाऊक होते. त्याचा आपल्याशी काही संबंध असेल, असे मात्र वाटले नाही. फोटोग्राफरने दहाला यायचे, सव्वाअकराला अंगठ्या. साडेदहाला त्याचा फोन लागेना. सव्वाअकरा वाजले, गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले आणि कार्य सुरू झाले. ओटी भरली गेली, साखरेचे पुडे दिले-घेतले गेले, अंगठ्या घातल्या गेल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी दोन अनोळखी मुले एक कॅमेरा घेऊन आली. त्यांनी पंगतीचे आणि नातेवाइकांच्या घोळक्यांचे फोटो काढले. एकाने नम्रपणे विचारले, "अंगठी पुन्हा एकदा घालून दाखवता का?" आमच्या मुलीने नाही म्हटले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. कऱ्हाडच्या एका लग्नात तो अडकला होता. "सर, चूक झाली. मॅडमनाही सांगा." आम्ही म्हणालो, "असू दे. लग्नाला मात्र तू स्वतः ये." हे 'असू दे' पुढे आम्हाला महाग पडणार होते.

दुसरा दिवस ७ जानेवारीचा. जागा ठरली होती मेणवलीचा घाट. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेकडे उतरणाऱ्या त्या पायऱ्यांवर हिवाळ्यात सकाळी सातनंतर जे ऊन येते, ते तासाभरात करडे होते, आणि आठ-साडेआठनंतर तिथे माणसांची इतकी वर्दळ होते की, दोघांचाच फोटो काढणे अशक्य. हे सगळे त्यानेच आम्हाला समजावून सांगितले होते. भावी जावई दोन दिवसांच्या रजेवर बंगळूरहून आला होता आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत जाणार होता. आम्ही चौघे साडेसहाला घाटावर होतो. थंडीत मुलीने शालीखाली साडी सांभाळली होती. ऊन आले, पायऱ्यांवर पसरले, पाण्यावर गेले. नऊ वाजता मोबाइलवर निरोप आला : काल लोणंदचे रिसेप्शन रात्री एकपर्यंत चालले, उठायला उशीर झाला, दुपारी चारला येऊ का?

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलले नाही. वाईच्या पुलावर मुलगी म्हणाली, "बाबा, लग्नाला तो नको." लग्न फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होते. हातात सहा आठवडे उरले होते.

तो असा का वागला, हे पुढच्या काही दिवसांत आम्हाला कळले. ते कळल्यामुळे राग कमी झाला, निर्णय बदलला नाही. या व्यवसायात काम वर्षभर सारखे पसरलेले नसते. पंचांगातले मुहूर्त मोजके, त्यांतले रविवारी किंवा सुटीला जोडून येणारे त्याहून मोजके, आणि त्या मोजक्या तारखांवर सगळ्यांच्या उड्या. ज्याचे नाव झाले आहे, त्याच्याकडे एकाच तारखेची तीन-तीन कामे येतात. तो तिन्ही घेतो, एकावर स्वतः जातो आणि उरलेल्या दोहोंवर रोजाने आणलेली मुले पाठवतो. मुले मिळाली नाहीत, किंवा आदल्या रात्रीचे काम लांबले, की कुठलेतरी एक घर कोरडे राहते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपण दिलेली आगाऊ रक्कम आपल्या नावाने बाजूला ठेवलेली नसते. मागच्या हंगामातल्या अल्बमच्या छपाईचे बिल, मुलांचे रोज, नव्या लेन्सचा हप्ता यांत ती महिनाभरात संपलेली असते. परत मागायला जावे, तेव्हा समोरच्याची दानत असो वा नसो, त्याच्यापाशी पैसे मात्र नसतात.

जो येणार नाही, तो आधी ओळखता येतो का? मागे वळून पाहताना आम्हाला वाटते की, येतो. येणारा माणूस प्रश्न विचारतो. मुहूर्त किती वाजताचा, कार्यालयात दिवे कसे आहेत, खिडक्या कोणत्या बाजूला, आजी-आजोबांपैकी कोण कोण येणार, कुणाचा फोटो राहता कामा नये. आमच्या विद्यार्थ्याने आम्हाला यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. आम्ही ते त्याच्या अनुभवाचे लक्षण मानले होते.

आता पत्र. पहिल्या दिवशी आम्ही जो मसुदा केला, तो अडीच पानांचा झाला. त्यात 'विश्वासघात' होता, 'फसवणूक' होती, 'असह्य मनस्ताप' होता, आणि गुरुशिष्यनात्यावर एक संपूर्ण परिच्छेद होता. आमचे एक वर्गमित्र वकिली करतात. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "यातलं त्याने काय करायचं?" आम्ही म्हणालो, पैसे परत करायचे. "ते यात कुठे आहे?" ते दुसऱ्या पानाच्या शेवटी, एका कर्मणी वाक्यात होते.

त्यांनी आधी 'फसवणूक' शब्दावर बोट ठेवले. फसवणूक म्हणजे पहिल्यापासून यायचे नव्हते आणि तरी पैसे घेतले. इथे तसे नाही. त्याला यायचे होते, जमले नाही. तो न येण्याचा दोषी आहे, लबाडीचा नाही; आणि जे सिद्ध करता येणार नाही ते लिहिले की, जे सिद्ध करता येते त्याचेही वजन जाते. हे ऐकताना आम्ही थोडे खजील झालो. विशेषण हे पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल शाईने लिहीत आलो आहोत.

मग त्यांनी करार कायदा उघडला. १८७२चा हा कायदा, पण भाषा आजही स्वच्छ आहे. त्याचे ५५वे कलम असे सांगते की, ज्या करारात वेळ हाच गाभा आहे, त्यात ठरल्या वेळी काम झाले नाही, तर न झालेल्या भागापुरता करार रद्द करण्याचा अधिकार दुसऱ्या पक्षाला मिळतो. अल्बम दोन आठवडे उशिरा आला, तर वेळ हा गाभा होता की नाही यावर वाद घालता येईल. अंगठी घालण्याचा क्षण गेला की गेला. तिथे वाद नाही. पण याच कलमाचा पुढचा भाग आमच्या विरुद्ध जाणारा होता. उशिरा झालेले काम आपण स्वीकारले, आणि स्वीकारतानाच 'याची भरपाई मागण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो' असे कळवले नाही, तर नंतर त्या उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. आमचे 'असू दे' इथे आडवे आले. मराठी माणूस हा शब्द संकोचाने वापरतो, माफी म्हणून नव्हे. कायद्याला संकोच कळत नाही. तेव्हा साखरपुड्याबद्दल भरपाई नाही. झाले तेवढ्या कामाचे पैसे कापून उरलेले मागायचे. आणि ते कापायलाच हवेत, कारण ६४व्या कलमाप्रमाणे करार रद्द करणाऱ्यानेही मिळालेला लाभ परत करायचा असतो. त्या दोन मुलांनी काढलेले पंगतीचे फोटो हा आम्हाला मिळालेला लाभ होता. तो आम्हाला हवा होता की नाही, हा प्रश्न वेगळा.

इथे त्या कोटेशनच्या कागदाने आमची लाज राखली. त्याने चार प्रसंगांचे चार दर वेगळे लिहिले होते, म्हणून हिशेब करता आला. सगळ्याचा मिळून एकच आकडा असता, तर साखरपुड्याच्या अर्ध्या कामाची किंमत काय, यावर आम्ही अजून भांडत बसलो असतो. साखरपुड्याचे १८ हजार. मुख्य विधी सुटले, उरलेले टिपले गेले. निम्मे धरले, ९ हजार. प्री-वेडिंगचे शून्य. ४० हजारांतून ९ हजार वजा, परत ३१ हजार.

राहिली ती तळाची ओळ : ॲडव्हान्स परत मिळणार नाही. तिच्यापाशी आम्ही कायद्यापेक्षा शब्दावरच अधिक वेळ घालवला, आणि चारांपैकी एक दिवस त्यातच गेला, हे कबूल केले पाहिजे. इंग्रजीतून आलेल्या या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि मराठीला त्या दोन्ही वेगवेगळ्या ठाऊक होत्या. एक उचल, म्हणजे पुढे होणाऱ्या कामाच्या पैशांपैकी आधी घेतलेला भाग. काम झाले नाही तर उचल फेडायची, यात शंकेला जागा नाही. दुसरा विसार, काही ठिकाणी इसार. जमिनीच्या व्यवहारात विसारपावती होते, ती वचन पक्के केल्याची खूण म्हणून. विसार देणारा मागे फिरला, तर विसार बुडतो. त्याला जुन्या मराठीत संचकार असाही शब्द आहे, आणि तो संस्कृतातल्या सत्यंकारापासून आलेला आहे : खरे करणे, शब्द खरा करणे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात या सत्यंकाराचा नियम आहे. मिताक्षरेत विज्ञानेश्वराने तो उलगडून सांगितला आहे. अंगठीसारखी वस्तू खूण म्हणून देऊन व्यवहार ठरला आणि देणाऱ्यानेच तो मोडला, तर त्याची वस्तू गेली. घेणाऱ्याने मोडला, तर त्याने ती दुपटीने परत करायची.

विसार बुडवण्याचा नियम आपण लक्षात ठेवला आणि त्याचा दुसरा अर्धा भाग विसरलो. कागदावरची ती ओळ फोटोग्राफरांनी या निम्म्या नियमातूनच घेतलेली आहे. वकीलमित्रांनी आमचे हे संशोधन सौजन्याने ऐकून घेतले आणि सांगितले की, दुपटीचा नाद सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. श्री हनुमान कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली विसाराची जी लक्षणे सांगितली, त्यांतही तो जप्त होतो तो देणाऱ्याच्या कसुरीमुळे. घेणाऱ्याने स्वतः काम चुकवायचे आणि वर तळाच्या ओळीकडे बोट दाखवायचे, हे चालत नाही. उद्या आम्हीच लहर लागली म्हणून तारीख मोडली असती, तर त्या ओळीला अर्थ होता. आणि तेव्हाही त्याच्या खऱ्या नुकसानीपुरताच.

या शब्दांच्या शोधात 'सुपारी'ही भेटली. वाजंत्र्यांना, तमाशाच्या फडाला काम सांगण्याला आपण सुपारी देणे म्हणतो. नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. आणि पुष्कळ घरांत लग्न ठरवण्याच्या विधीलाही सुपारी फोडणे हेच नाव आहे. म्हणजे एका कार्यासाठी दोन सुपाऱ्या : एक सोयऱ्यांना, एक कलावंतांना, आणि दोन्हींत शब्द गुंतलेला. हा परिच्छेद आम्ही पत्रात घातला होता. तो काढावा लागला.

पत्र पाठवण्याआधी एक व्यावहारिक काम होते, नवा फोटोग्राफर मिळवण्याचे. जुन्याला सोडून मोकळ्या हाताने उभे राहण्यात अर्थ नव्हता. चौथ्या फोनला एक बाई मिळाल्या. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मुहूर्त, कार्यालयाचे दिवे आणि घरातली वडीलधारी माणसे यांची चौकशी केली. मी स्वतः येईन, आजारी पडले तर अमुक येईल, असे त्या माणसाच्या नावासह लिहून दिले. ठरवताना १० हजार घेतले, बाकीचे ज्या त्या दिवशी संध्याकाळी. हळद आणि लग्न मिळून त्यांचा दर पहिल्यापेक्षा १५ हजारांनी जास्त होता. ऐन हंगामात दुसरे काय होणार? हा फरकही नुकसानभरपाई म्हणून मागता येतो, असे वकीलमित्र म्हणाले. आम्ही तो मागितला नाही. आमच्यापैकी एकाला तो मागायचा होता.

यात एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो. साखरपुड्याचे जे काही फोटो होते, ते अजून त्याच्याकडेच होते. आधी गोड बोलून ते काढून घ्यावेत आणि मग पत्र पाठवावे, असा विचार आमच्या मनात आला, एवढेच नव्हे, तसा निरोपही मोबाइलवर लिहून झाला होता. "बाळा, पाहुणे फोटो मागताहेत" अशी त्याची सुरुवात होती. तो पाठवला नाही. त्याचे श्रेय आमच्या मुलीला आहे. तिने फक्त मोबाइल हातातून घेतला.

पण खरी अडचण सर्वनामाची होती. बारा वर्षे तो आमचा 'तू' होता. 'तू कबूल केलेस, तू आला नाहीस' असे लिहिले की पत्र घरातल्या रागावण्यासारखे वाचले जाई, आणि त्याला पंधरा दिवसांची मुदत घालणे हास्यास्पद दिसे. 'तुम्ही' लिहिले की टोमणा वाटे. शेवटी 'आपण' लिहिले. ज्या प्रथमपुरुषी 'आपण'मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही सामावतात, तोच शब्द द्वितीयपुरुषी झाला की किती लांब जातो, हे व्याकरण शिकवताना आम्हाला इतके कधी जाणवले नव्हते. पाठवलेला मजकूर असा :

'आमच्याकडील साखरपुडा, विवाहपूर्व छायाचित्रण, हळद व विवाह यांचे काम आपण ८ सप्टेंबर २०२३ रोजी १,२०,००० रुपयांना स्वीकारले व त्यापोटी ४०,००० रुपये आगाऊ घेतले. २६ नोव्हेंबर रोजी ठरलेल्या दहाच्या ऐवजी आपली माणसे बारा वाजून दहा मिनिटांनी आली. तोपर्यंत मुख्य विधी झालेले होते. ७ जानेवारी रोजी मेणवली येथे आपल्याकडून कोणीही आले नाही. या कामात ठरलेली वेळ हाच कामाचा गाभा आहे. म्हणून उरलेले सर्व काम आम्ही या पत्राने रद्द करीत आहोत. हळद व विवाह या दोन्ही दिवशी आपण येऊ नये. त्या तारखा अन्यत्र देण्यास आपण मोकळे आहात. २६ नोव्हेंबरच्या कामाचे ९,००० रुपये वजा जाता ३१,००० रुपये २७ जानेवारीपर्यंत खालील खात्यावर परत करावेत व त्या दिवशीची सर्व छायाचित्रे द्यावीत. तसे न झाल्यास आम्हाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.'

शेवटचे वाक्य धमकी म्हणून घातलेले नव्हते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. जायचे नसेल तर हे वाक्य लिहू नका, असे वकीलमित्रांनी बजावले होते. आम्ही एकमेकांना विचारले आणि जाऊ असे ठरल्यावरच ते ठेवले.

पत्र १२ जानेवारीला पोचपावतीसह रजिस्टरने गेले. (रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले.) त्याची प्रत त्याच दिवशी मोबाइलवर पाठवली, कारण काम ठरवताना सगळे बोलणे तिथेच झाले होते आणि मोडतानाही त्याच मार्गाने कळवावे, असा कायद्याचा रोख आहे.

रात्री अकरा वाजता उत्तर आले : "सर, मॅडम, तुम्ही मला 'आपण' लिहिलंत." एवढेच. आम्ही दोघेही बराच वेळ झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशीचा निरोप वेगळ्या सुरात होता. तळाच्या ओळीचा फोटो आणि एक मुद्दा : तुमच्या तारखेसाठी मी ऑक्टोबरात फलटणचे लग्न सोडले. हा मुद्दा खोटा नव्हता, आणि त्याने आमच्यात मतभेद झाला. एकाचे म्हणणे, त्याने तारीख धरली हेही एक काम आहे, त्याचे दहा हजार सोडावेत. दुसऱ्याचे म्हणणे, तारीख धरणे म्हणजे येणे. साखरपुड्याची तारीखही त्याने धरलीच होती. शिवाय पाच आठवडे हातात आहेत आणि मुहूर्त मोठा आहे, त्याला त्या दिवशी काम मिळेल. हे दुसरे मत टिकले. पण पहिले मत ज्याचे होते, त्याने आपले म्हणणे अजूनही मागे घेतलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. उत्तरात आम्ही एवढेच लिहिले की, ती ओळ आम्ही मागे फिरलो असतो तर लागू झाली असती. येथे काम आपल्याकडून चुकले आहे.

२५ जानेवारीला संध्याकाळी तो घरी आला. बाहेरच्या खुर्चीवर बसला. एरवी तो थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येई. खिशातून पेन ड्राइव्ह आणि १५ हजार रुपये काढून ठेवले. उरलेले १६ हजार हंगाम संपल्यावर, १० मार्चला देईन, म्हणाला. मग त्याने विचारले, "कॉलेजात कुणाला सांगितलंत का?" सांगितले नव्हते. सांगू नका, असे त्याने म्हटले नाही, आणि सांगणार नाही, असे आम्हीही म्हटले नाही. पण त्याचा अर्थ दोघांनाही कळला. आम्ही पावती लिहिली : १५,००० मिळाले, १६,००० बाकी, १० मार्च. 'माझ्याबद्दल काही तक्रार नाही' एवढे त्यात घाला, असे तो म्हणाला. ते आम्ही घातले नाही. ते शब्द शेवटचा रुपया आल्यावर लिहायचे असतात. आधी लिहिले की, बाकी मागायचा आधारच आपण आपल्या हाताने पुसतो. चहा झाला. त्याने कप उचलून नेहमीसारखा आत नेऊन ठेवला.

पेन ड्राइव्हवर २१२ फोटो होते. पानात वाढलेली जिलबी, खुर्च्यांच्या रांगा, पाहुण्यांच्या पाठी. त्यांत एक फोटो आमच्या ८७ वर्षांच्या आत्याबाईंचा आहे. भिंतीला डोके टेकून त्या झोपल्या आहेत आणि मुठीत साखरेचा पुडा घट्ट धरलेला आहे. तो त्या दोन मुलांपैकी कुणी काढला, हे आम्ही विचारून घेतले नाही. ९ हजार वजा केल्याचे दुःख तेवढ्यापुरते कमी झाले.

लग्न व्यवस्थित पार पडले. १० मार्च गेला. १९ मार्चला आम्ही दोन ओळींचे स्मरण पाठवले. त्यातही 'आपण'च होते. २ एप्रिलला सकाळी १० हजार आणि दुपारी ६ हजार खात्यावर आले. दुसऱ्या रकमेसोबतच्या रकान्यात त्याने लिहिले होते, 'सर मॅडम पूर्ण'. आम्ही अंतिम पावतीचा कागद घेतला. ३१,००० रुपये पूर्ण मिळाले, या व्यवहारात आता कोणतीही बाकी वा तक्रार नाही, एवढे लिहून झाले. 'आपल्याकडून' लिहावे की 'तुझ्याकडून', यावर पुन्हा अडलो. शेवटी ते वाक्य कर्त्याशिवायच ठेवले आणि सही केली.